नवीन बे उभा राहिला, शील्ड वायर जुनीच राहिली: यार्डात वीज थेट बसवर पडल्यासारखं वाटलं तर काय तपासायचं

सबस्टेशनच्या यार्डात विजांच्या वादळात ट्रिपिंग झालं की मला फोन येतो, आणि दहातल्या सात-आठ वेळा प्रश्न एकच असतो, "शील्ड वायर आहे तरी वीज आत कशी आली?" हे काम करताना एकच दोष मी इतक्या यार्डांत पाहिलाय की आता एकदा नीट लिहूनच काढतो. शील्ड वायर म्हणजे वीज झेलायला यार्डावर उंच ताणलेली, अर्थ केलेली तार. यार्ड वाढतं, एक नवीन बे लागतो, म्हणजे आणखी एका लाइनच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जोडणीचा भाग, आणि वरची तार मात्र जुन्या बेच्या शेवटच्या कॉलमवरच संपते. ड्रॉइंगवर सगळं झाकलेलं दिसतं. प्रत्यक्षात नसतं.

आधी लक्षणं सांगतो, मग तपासण्या, ज्यात काही खर्च नाही त्या पहिल्या. अधलंमधलं सोडून थेट गणितावर जाऊ नका, कारण बऱ्याच वेळा पहिल्या दोन पायऱ्यांतच कळतं की शील्डिंगचा यात काही संबंध नाही.

लक्षणं कशी दिसतात

वीज खरंच शील्ड वायर चुकवून बसवर, म्हणजे सगळे बे जिला जोडलेले असतात त्या कंडक्टरवर, किंवा उपकरणावर पडली असेल तर सहसा असं दिसतं. बस डिफरेन्शियल किंवा त्या बेचं संरक्षण चालतं, म्हणजे दोष यार्डाच्या आत असतो, लाइनवर लांब कुठेतरी नाही. एकाच फेजची स्ट्रिंग किंवा पोस्ट इन्सुलेटर जळल्यासारखा दिसतो, वरखाली भाजल्याचा डाग, कधी एखादी डिस्क फुटलेली. आणि ती फेज बहुतेक वेळा कडेची असते, कुंपणाच्या बाजूची, किंवा नवीन बेमधली. वादळ फार जोराचं नव्हतं असं ऑपरेटर सांगतो आणि म्हणूनच सगळे गोंधळतात. हे शेवटचं लक्षण लक्षात ठेवा, पुढे त्याचं कारण येणार आहे.

याउलट, प्रत्येक वादळात ट्रिप होतंय, एका हंगामात तीन-चार वेळा, लाइनचं डिस्टन्स रिले चालतंय, तर ती लाइनची गोष्ट आहे. साधा हिशोब करा. जिथे वर्षाला एका चौरस किलोमीटरमागे चार वेळा वीज जमिनीवर पडते तिथे १०० मीटर बाय १०० मीटरच्या यार्डाच्या वाट्याला वर्षाला ०.०४ येतात, म्हणजे पंचवीस वर्षांत एक. यार्डातली स्ट्रक्चर्स उंच असतात, आजूबाजूची थोडी वीज ती ओढून घेतात, म्हणून आकडा थोडा वाढवा, यार्ड टेकडीवर असेल तर अजून वाढवा, तरीसुद्धा हंगामात चार वेळा होत नाही. लाइन मात्र कित्येक किलोमीटर उघड्यावर पसरलेली असते, तिच्यावर दरवर्षी पडते आणि तिथला सर्ज तारेवरून यार्डात येतो. त्याला अडवायचं काम लाइटनिंग अरेस्टरचं, शील्ड वायरचं नाही. हे दोन वेगळे रोग आहेत, औषधही वेगळं.

पहिली तपासणी: कागद आणि रिले रेकॉर्ड (खर्च शून्य)

घटनेची वेळ, कोणतं रिले चाललं, कोणती फेज, फॉल्ट करंट किती, आणि अरेस्टरच्या काउंटरचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग. काउंटर प्रत्येक फेजला वेगळा असतो, तो वादळाआधी कोणी लिहून ठेवला नसेल तर आजपासून लिहायला लावा, काही दिवसांनी हीच वही तुमचा सगळ्यात चांगला पुरावा ठरते.

यावरून काय बघायचं तर दोष आतला की बाहेरचा. रिले जर म्हणतंय की दोष लाइनवर अमुक किलोमीटरवर आहे, तर इथेच थांबा आणि लाइनवाल्यांकडे जा, टॉवरचं अर्थिंग आणि लाइनची अर्थ वायर तिकडे बघायला लागेल. बस डिफरेन्शियल चाललंय आणि त्याच क्षणी कोणत्याच लाइनच्या रिलेने पुढच्या दिशेला दोष पाहिला नाही, तर मग पुढे वाचा.

दुसरी: दुर्बिणीतून नजर (खर्च शून्य, पण वादळ संपल्यावरच)

आकाशात ढग गडगडत असताना यार्डात पाय ठेवायचा नाही, डाउन कंडक्टरजवळ तर अजिबात नाही, हे वेगळं सांगायला नको तरी सांगतोय, कारण "जरा बघून येतो" म्हणत माणसं जातात. आकाश मोकळं झाल्यावर कुंपणाबाहेरून किंवा परवानगी असलेल्या वाटेवरून दुर्बीण लावा.

तार तुटलेली नाही ना, दोन्ही टोकांचे क्लॅम्प जागेवर आहेत ना, पीकवरून, म्हणजे कॉलमच्या वरच्या टोकावरून, खाली जाणारा डाउन कंडक्टर मधेच सुटलेला नाही ना. तारेचे धागे गंजून एक-दोन सुटले असतील तर ते लगेच कळवायचं, कारण तुटलेली शील्ड वायर खालच्या बसवर पडली की जे होतं ते विजेपेक्षा वाईट असतं, सरळ बस फॉल्ट, आणि तोही अर्थ केलेल्या तारेने.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं: मूळ यार्ड बांधल्यानंतर वर काय काय नवीन आलंय ते मोजा. एखादा नवीन बे, उंचावर नेलेला जम्पर, बदललेला उंच सीटी. त्यांच्यावर तार आहे का, हा एवढाच प्रश्न विचारा. मी ज्या यार्डाबद्दल पुढे सांगणार आहे तिथे उत्तर इथेच मिळालं होतं, बाकी सगळं गणित फक्त लोकांना पटवायला करावं लागलं.

तिसरी: पुठ्ठ्याचा गोल (खर्च एका पुठ्ठ्याचा)

इथे रोलिंग स्फिअर म्हणजे काय ते थोडं समजून घेऊ, कारण हे समजलं नाही तर पुढचं सगळं पाठांतर होतं.

ढगातून खाली येणारं विजेचं टोक, म्हणजे लीडर, पायऱ्या पायऱ्यांनी उतरतो आणि खाली काय आहे याचं त्याला वरून काही घेणंदेणं नसतं. तो जमिनीपासून किंवा तारेपासून एका ठराविक अंतरावर आला की मगच "कुठे पडायचं" हे ठरतं, आणि त्या अंतराच्या आत जी वस्तू पहिली येईल तिच्यावर तो पडतो. या अंतराला स्ट्रायकिंग डिस्टन्स म्हणतात. आता लीडरच्या टोकाभोवती एवढ्या त्रिज्येचा एक गोळा कल्पना करा आणि तो गोळा यार्डावरून सगळीकडून घरंगळत न्या. गोळा ज्याला टेकतो तिथे वीज पडू शकते. तारांना टेकून तो वरच अडकला आणि खालच्या बसला टेकू शकला नाही, तर बस सुरक्षित.

ही त्रिज्या एकच ठरलेली नसते, ती स्ट्रोकच्या, म्हणजे पडणाऱ्या त्या एका विजेच्या, करंटवर अवलंबून असते:

```
S = 8 × I^0.65        (S मीटर, I kA)
```

तारांसाठी हे असंच घ्यायचं, मोकळ्या मास्टसाठी याला १.२ ने गुणतात. आयईईई ९९८ या गाइडमध्ये हेच सूत्र आहे.

आता इथे सगळ्यांची गल्लत होते. मोठा स्ट्रोक म्हणजे मोठी त्रिज्या, म्हणजे मोठा गोळा. मोठा गोळा दोन तारांच्या मधून खाली उतरत नाही, वरच अडकतो. म्हणजे जबरदस्त स्ट्रोक शील्ड वायर आरामात झेलते. लहान स्ट्रोकचा गोळा लहान, तोच फटीतून आत घुसतो. वादळ फार जोराचं नव्हतं असं ऑपरेटर म्हणाला होता ते आठवतंय का? तेच. (वादळ केवढं होतं यावरून एका स्ट्रोकचा करंट कळत नाही हेही खरं, पण यार्डात "प्रचंड वीज पडली म्हणून तार पुरली नाही" असं जे लगेच म्हटलं जातं ते उलटं असतं.)

मग अगदी लहान स्ट्रोक तर कुठूनही आत येतील, त्यांचं काय? त्यांना येऊ द्यायचं. ते बसवर पडले तरी इन्सुलेशन सहन करू शकेल इतके लहान असले म्हणजे झालं. म्हणून गोळ्याचा आकार बसच्या बीआयएलवरून, म्हणजे तिचं इन्सुलेशन विजेचा किती व्होल्टेज झेलू शकतं त्यावरून, ठरतो, हवेतून नाही. बसवर स्ट्रोक पडला की करंट दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा वाटला जातो, प्रत्येक अर्धा भाग बसच्या सर्ज इम्पिडन्समधून जातो, आणि त्याने जो व्होल्टेज उभा राहतो तो बीआयएलच्या आसपास राहिला पाहिजे:

```
Is = 2.2 × BIL / Zs   (kA, kV, ohm)
```

यातला २ दोन बाजूंना वाटलेल्या करंटचा आणि १.१ हा स्ट्रोक जमिनीऐवजी कंडक्टरवर पडला की त्याचा करंट थोडा कमी होतो त्याचा.

पुठ्ठा कुठे लागतो? यार्डाचा उभा छेद १:२०० स्केलवर कागदावर काढा, तारा बिंदूंनी दाखवा, बस आणि उपकरणं त्यांच्या उंचीवर, आणि आलेल्या त्रिज्येचा गोल पुठ्ठ्यातून कापून घ्या. तो कागदावर तारांवरून घरंगळवा, दोन तारांच्या मध्ये आणि कडेच्या तारेच्या बाहेरून जमिनीला टेकवून. कुठे बसला आणि कशाला टेकला ते डोळ्यांना दिसतं. मोठमोठ्या सॉफ्टवेअरच्या रंगीत चित्रांपेक्षा हा पुठ्ठा साइटवरच्या लोकांना लवकर पटतो, आणि एक फायदा असा की प्रत्येकजण स्वतःच्या हाताने फिरवून बघतो.

एक मर्यादा आहे. छेदातला गोल लांब समांतर तारांच्या मधल्या भागाला बरोबर आहे. तार जिथे संपते त्या टोकापलीकडे गोळा तिसऱ्या बाजूनेही आत येतो, तिथे एका छेदावर विसंबू नका.

एक खरं यार्ड, आकड्यांसकट

१३२ केव्हीचं यार्ड, बीआयएल ६५० केव्ही. बसची उंची ८ मीटर, कंडक्टर जाड, व्यास साधारण २८.६ मिलिमीटर. सर्ज इम्पिडन्सचं सूत्र असं आहे:

```
Zs = 60 × sqrt( ln(2h/Rc) × ln(2h/r) )
```

इथे h बसची उंची, r कंडक्टरची त्रिज्या, आणि Rc कोरोना झाल्यावर कंडक्टरभोवती जो आयनांचा थर फुगतो त्याची त्रिज्या, ६५० केव्हीला आणि या उंचीला ती सुमारे ८ सेंटिमीटर येते. सगळं घातलं की Zs साधारण ३६५ ओहम. Is = २.२ × ६५० / ३६५, म्हणजे ३.९ किलोअँपियर. आणि त्रिज्या S सुमारे १९.४ मीटर. हाच आपला गोळा.

जुन्या यार्डात तारा १५ मीटरवर होत्या, एकमेकींपासून १२ मीटरच्या अंतराने, बेच्या कॉलमच्या पीकवर. मग शेवटच्या कॉलमच्या बाहेर एक नवीन बे आला. त्याचा बाहेरचा कॉलम १२ मीटर पुढे उभा राहिला, पण त्याच्यावर पीकच नव्हतं, तारही नव्हती. तीन फेज शेवटच्या तारेपासून ३, ६ आणि ९ मीटर बाहेर, ८ मीटर उंचीवर. दोन-अडीच वर्षांनी एका वादळात बस डिफरेन्शियल चाललं आणि ९ मीटरवरच्या फेजची स्ट्रिंग भाजलेली सापडली, बाकी दोन्ही स्वच्छ.

ड्रॉइंगवर शेवटच्या तारेपासून ६० अंशाची रेघ ओढलेली होती. ६० अंशाने ८ मीटर उंचीवर १२ मीटरपर्यंत झाकलं जातं, म्हणजे तिन्ही फेज आत. पण एवढा मोठा कोन दोन तारांच्या मधल्या जागेत घेतात, जिथे दोन्ही बाजूंनी झाकण असतं, शेवटच्या तारेच्या बाहेर नाही. बाहेर ४५ घेतला तर ७ मीटर, ३० घेतला तर ४ मीटर. आता गोळ्याने काय येतं ते बघा. गोळा बाहेरून येऊन जमिनीला आणि शेवटच्या तारेला एकाच वेळी टेकलाय, अशा वेळी a उंचीवर तारेच्या बाहेर किती अंतर सुरक्षित राहतं:

```
x = sqrt(2*S*h - h^2) - sqrt(2*S*a - a^2)
S = 19.4, h = 15, a = 8
x = 18.9 - 15.7 = 3.2 m
```

३.२ मीटर. म्हणजे ३ मीटरवरची फेज काठावर, ६ आणि ९ वरच्या उघड्या. यात नवीन बे झाकणारं काहीच नव्हतं, ती फक्त कागदावरची रेघ होती.

मग उलटा प्रश्न विचारला. ९ मीटरवरच्या फेजवर जास्तीत जास्त केवढा स्ट्रोक पडू शकतो? S वाढवत जा आणि x बरोबर ९ येईपर्यंत बघा. S साधारण ५३.५ मीटरला ते होतं, म्हणजे जवळपास १८.५ किलोअँपियर. त्यापेक्षा मोठा स्ट्रोक जुनी तार किंवा जमीन आधी पकडते. पण ३.९ ते १८.५ किलोअँपियर या पट्ट्यातला प्रत्येक स्ट्रोक त्या फेजवर पडूही शकतो आणि फ्लॅशओव्हरही करतो. १० किलोअँपियर धरा: अर्धा करंट ५, गुणिले ३६५, झाले १८२५ केव्ही, ६५० च्या इन्सुलेशनवर. सबस्टेशनसाठी मध्यक करंट २४ किलोअँपियर धरून जे संभाव्यतेचं सूत्र वापरतात त्याने मोजलं तर साधारण एक तृतीयांश स्ट्रोक याच पट्ट्यात येतात. जे लोक म्हणत होते की "एखादा अपघात, परत होणार नाही", त्यांना हा आकडा दाखवल्यावर ते शांत झाले.

पीक उंच करायचा मोह

आता उपाय. तिथल्या मेंटेनन्सच्या साहेबांचा पहिला विचार असा होता, "जुन्या कॉलमचं पीक तीन मीटर वाढवतो, नवीन कॉलमवर परत स्ट्रक्चरचं काम नको." ऐकायला बरोबर वाटतं, कोनाच्या पद्धतीने तर बरोबरच ठरतं, कारण कोनात उंची वाढली की झाकलेलं अंतर त्याच प्रमाणात वाढत जातं. मी त्यांना म्हटलं, "साहेब, एकदा मोजून बघू." वरच्याच सूत्रात h च्या जागी १८ घातले. x आला ३.६५. तीन मीटर लोखंड चढवून मिळाले ४५ सेंटिमीटर.

आणि अजून उंच केलं तर? h बरोबर १९.४, म्हणजे गोळ्याच्या त्रिज्येएवढा झाला की x ३.७ मीटरवर पोचतो आणि तिथेच थांबतो. त्याच्यावर कितीही उंच न्या, गोळा तारेच्या बाजूने उभा घासत खाली येतो आणि जमिनीला टेकतो, बाहेरचं अंतर एक इंचही वाढत नाही. हे चित्र पुठ्ठ्याने लगेच दिसतं. बाहेरच्या बाजूला उंची विकत घेऊन काही मिळत नाही, तारच बाहेर सरकवावी लागते. या लेखातून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या, कारण चुकीच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्या याच असतात.

शेवटी नवीन कॉलमवर पीक बसवलं आणि १२ मीटरवर तिसरी तार नेली. आता गोळा दोन तारांच्या मध्ये बसतो आणि किती खाली झुकतो ते असं:

```
p = S - sqrt(S^2 - (D/2)^2)
D = 12:  p = 19.4 - 18.45 = 0.95 m
```

१५ मधून ०.९५ गेले, गोळ्याचा तळ १४ मीटरवर. तारेचा झोळ एक मीटर धरला तरी १३. बस ८ वर. भरपूर जागा. तुलनेसाठी, हेच अंतर कोणी ३० मीटर ठेवलं असतं तर p ७.१ येतो, तळ ७.९ वर, म्हणजे झोळ धरायच्या आधीच गोळा बसला टेकला.

चौथी: उंची आणि झोळ प्रत्यक्ष मोजणं

ड्रॉइंगवरची उंची आणि खरी उंची यात फरक निघतो, खास करून स्पॅनच्या मध्यावर. लेझर डिस्टन्स मीटरने खालून मोजा, परमिट घेऊन, आणि स्टीलची टेप किंवा कसलीही लांब काठी चालू यार्डात उभी करायची नाही, कधीच. उन्हात मोजाल तर झोळ जास्त दिसेल, तोच धरा, सुरक्षित बाजूचा आहे.

झोळ कुठे महत्त्वाचा आणि कुठे नाही हेही कळायला हवं. दोन तारांच्या मध्ये एक मीटर झोळ म्हणजे गोळ्याचा तळ अख्खा एक मीटर खाली. कडेच्या तारेच्या बाहेर मात्र तोच एक मीटर झोळ वरच्या उदाहरणात ३.२ चे २.९ करतो, फक्त तीस सेंटिमीटर. म्हणून आधी मधले स्पॅन मोजा, ते सुद्धा जिथे तारांमधलं अंतर जास्त आहे तिथले.

पाचवी: डाउन कंडक्टर आणि अर्थिंग

कधीकधी गोळा सगळीकडे बरोबर बसतो, तारा पुरेशा असतात, तरी स्ट्रिंग जळते. तेव्हा वीज तारेवरच पडलेली असते, पण तारेतून जमिनीत जायची वाट नीट नसते, आणि स्ट्रक्चरचं व्होल्टेज इतकं चढतं की तिथून उलट बसकडे उडी मारली जाते, यालाच बॅक फ्लॅशओव्हर म्हणतात. यात सहसा एकापेक्षा जास्त फेजवर डाग असतात, आणि शील्ड वायरवर किंवा पीकवर वितळल्याची खूण सापडते. थेट बसवर पडलेल्या स्ट्रोकमध्ये तारेवर खूण नसते. हा फरक दुर्बिणीतून दिसतो, म्हणून दुसऱ्या तपासणीचे फोटो जपून ठेवा.

इथे लोक फक्त ग्रिडचा रेझिस्टन्स बघतात, अर्ध्या ओहमच्या खाली आहे म्हणजे ठीक. पण विजेचा करंट मायक्रोसेकंदात चढतो, तिथे तारेची लांबी महत्त्वाची ठरते. एका सुट्या डाउन कंडक्टरचं इंडक्टन्स मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री धरा. १५ मीटर म्हणजे १५. करंट मायक्रोसेकंदाला २० किलोअँपियरने चढला तर वरच्या टोकाला ३०० केव्ही उभे राहतात, ग्रिड कितीही चांगलं असो. म्हणून एका पीकला एकच वाट असणं, डाउन कंडक्टरला अनावश्यक वळणं किंवा गुंडाळी असणं, आणि गॅन्ट्रीच्या दोन पायांपैकी एकच ग्रिडला जोडलेला असणं, हे सगळं शोधायचं. जोडांचं कंटिन्युइटी टेस्टिंग मायक्रो-ओहम मीटरने करतात, शटडाउन आणि परमिट असताना, आणि आकाश स्वच्छ असताना. डाउन कंडक्टरचा जोड चालू यार्डात उघडायचा नाही, त्यात साधा इंड्यूस झालेला किंवा फॉल्टचा करंट असू शकतो.

कुठे थांबायचं

पहिल्या तीन तपासण्या कोणताही सबस्टेशन इंजिनिअर करू शकतो, चौथी परमिट घेऊन. पुढच्या गोष्टी स्वतः करू नका, योग्य माणसाला बोलवा.

जुन्या कॉलमवर पीक वाढवायचं किंवा नवीन तार ओढायची असेल तर स्ट्रक्चरल डिझायनर लागतो. तारेचा ताण आणि वाऱ्याचा भार कॉलमच्या वरच्या टोकाला येतो, तिथून पायापर्यंत जातो, आणि पाया जुन्या हिशोबाने बांधलेला असतो. बसवरून तार ओढण्याचं काम शटडाउन घेऊन, अनुभवी लाइन कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या.

गोळ्याची त्रिज्या अगदी लहान यायला लागली तर इन्सुलेशन को-ऑर्डिनेशन करणाऱ्याकडे जा. ३३ केव्ही किंवा ११ केव्हीच्या बसचा बीआयएल इतका कमी असतो की Is एक किलोअँपियरच्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. इतक्या लहान स्ट्रोकसाठी तारांचं जाळं विणणं व्यवहार्य नसतं, साधारण २ ते ३ किलोअँपियरच्या खाली कोणी डिझाइन करत नाही, आणि उरलेलं काम अरेस्टरवर सोडावं लागतं. ते कुठे आणि किती जवळ बसवायचे हा वेगळा अभ्यास आहे. तसंच वरचं २.२ चं सूत्र करंट दोन्ही बाजूंना वाटला जातो असं धरतं. बसच्या उघड्या टोकाशी किंवा ट्रान्सफॉर्मरच्या तोंडाशी तसं होत नाही, लाट परत फिरते आणि व्होल्टेज जवळपास दुप्पट होतो, तिथे चालणारा करंट खूप कमी असतो. त्या जागेसाठी माझ्या पुठ्ठ्याचा आकडा घेऊ नका.

आणि इन्सुलेटरवर फ्लॅशचा डाग असेल, डिस्क तडकलेली असेल, किंवा अरेस्टरच्या लीकेज करंटचं रीडिंग आधीपेक्षा वाढलेलं असेल, तर शील्डिंगचा हिशोब नंतर करा. आधी ते उपकरण लाइनमधून काढून तपासून घ्या, कारण पुढच्या वादळात तेच पहिलं फुटणार असतं.

त्या यार्डात तिसरी तार लागली तेव्हा मी एक गोष्ट मुद्दाम करून घेतली. यार्डाच्या लेआउट ड्रॉइंगवर गोळ्याची त्रिज्या, ती कोणत्या बीआयएलवरून आणि कोणत्या बस-उंचीवरून काढली, आणि शेवटच्या तारेच्या बाहेर सुरक्षित अंतर फक्त ३.२ मीटर, असं एका चौकटीत लिहून घेतलं. पुढचा बे जेव्हा लागेल तेव्हा तो आखणारा माणूस मी नसेन, साहेबही बदललेले असतील, पण ड्रॉइंग त्याच्या हातात असेल.